नागरी सूचनांचे मथळे : सामान्यरूप, काळ आणि शोध

वृत्तपत्रांच्या जिल्हापृष्ठांवर वृत्त व सूचना हे दोन भिन्न प्रकार एकाच साच्यात छापले जातात. पाणीपुरवठा कधी बंद राहील, वीज किती वेळ नसेल, ही माहिती वाचक कुतूहलापोटी वाचीत नाही. ती शोधीत तो पानाशी येतो. गावाचे नाव आणि सेवेचे नाव मनाशी धरून तो स्तंभांवरून दृष्टी फिरवितो, अथवा तेच दोन शब्द शोधचौकटीत टंकित करतो. अशा वाचकाच्या हाती मथळा कितपत लागतो, याचा विचार प्रस्तुत टिपणात करावयाचा आहे. त्यासाठी प्रचलित साच्यावरून नमुन्यादाखल रचलेला एक मथळा घेऊ : ‘ठाण्यात गुरुवारी पाणीपुरवठा बंद’.

प्रथम स्थलनामाचा विचार करू. वाचक ‘ठाणे’ शोधीत आहे. मथळ्यात मात्र ‘ठाण्यात’ असे रूप आहे. विभक्तिप्रत्ययापूर्वी नामाचे सामान्यरूप होते, आणि या नामाच्या बाबतीत मूळ शब्दातील अंत्य स्वरच नाहीसा होतो. पुणे-पुण्यात, सातारा-साताऱ्यात ही रूपे याच जातीची. कोल्हापूर, नागपूर, सोलापूर यांत बदल अधिक सूक्ष्म आहे : शुद्धलेखनाच्या रूढ नियमानुसार दीर्घ ऊकार ऱ्हस्व होऊन ‘कोल्हापुरात’ असे रूप सिद्ध होते. याउलट ‘नाशिकमध्ये’, ‘सांगलीत’ या रूपांत मूळ नाव अक्षरशः शाबूत राहते. केवळ अक्षरमालिका जुळविणाऱ्या शोधयंत्रणेला सांगली सापडते आणि कोल्हापूर हुकते, ते या कारणाने. रूपविचार जाणणाऱ्या यंत्रणेपुढे ही अडचण राहत नाही, हे खरे. परंतु ‘ठाण्यात’ म्हणजे शहरात की पोलीस ठाण्यात, हा संदेह तिच्यापुढेही उरतो. सेवेच्या नावाचीही हीच गत आहे. ‘वीज’ या शब्दाचे सामान्यरूप ‘विजे-’ असे होते. शिवाय तोच शब्द आकाशातून कोसळणाऱ्या विजेसही लागू असल्याने पावसाळ्यात पुरवठ्याची सूचना शोधणाऱ्यास अपघाताचे वृत्त हाती येते. ‘वीजपुरवठा’ हा समास योजिल्यास ही संदिग्धता टळते.

दुसरा प्रश्न काळाचा. मथळ्यातून क्रियापद गाळण्याची प्रथा जुनी असून जागेच्या टंचाईमुळे ती समर्थनीयही आहे. परंतु मराठी वाक्यात काळाचा बोध मुख्यतः क्रियापद करून देते. ते गेले की ‘गुरुवारी’ हा शब्द गतही राहत नाही, आगामीही राहत नाही. शुक्रवारी हा मथळा पाहणाऱ्याने पाणी काल नव्हते असे समजावे, की पुढील आठवड्यासाठी साठवण करावी? ‘परवा’ या शब्दात तर दोन्ही दिशा सामावलेल्या आहेत. ‘आज’ व ‘उद्या’ हे शब्द अंकाच्या तारखेवर विसंबून असतात. छापील पानावर ती तारीख शिरोभागी असते, शोधातून सुटा हाती आलेल्या मथळ्याशी ती असेलच असे नाही.

तिसरा प्रश्न ‘बंद’ व ‘कपात’ यांतील भेदाचा. मुंबईत २०२४ साली ३० मेपासून ५ टक्के व ५ जूनपासून १० टक्के पाणीकपात लागू झाली. येथे कपात एकूण पुरवठ्याच्या परिमाणात होती, नळ दिवसभर कोरडा राहणार नव्हता. दुरुस्तीसाठी पुरवठा बंद ठेवणे ही वेगळी स्थिती होय. तीत रिकाम्या झालेल्या वाहिन्या पुन्हा भरावयास वेळ लागतो, म्हणून दुसऱ्या दिवशीही उंच भागांत व वाहिनीच्या टोकाशी पाणी उशिरा व कमी दाबाने येते. ‘पाणीबाणी’ हा ‘आणीबाणी’वरून घडविलेला शब्द या दोन्ही स्थितींस सारखाच लावला जातो. भाष्याच्या दृष्टीने तो चटकदार आहे. परंतु बादली भरावी की पिंप, हे त्यावरून कळत नाही.

आता तोच मथळा पुन्हा रचून पाहू : ‘ठाणे : पाणीपुरवठा गुरुवार १२ जून, सकाळी ९ पासून २४ तास बंद राहणार, शुक्रवारी कमी दाब’. स्थलनाम प्रथमेत व आरंभी आले, तारखेने वार निश्चित झाला, ‘राहणार’ने काळ परत आला आणि पुरवठ्याची स्थितीही स्पष्ट झाली. मथळा लांबला, हा आक्षेप रास्त आहे. अरुंद स्तंभात काही गाळणे भागच असेल, तर शेवटचे तीन शब्द मजकुरात न्यावेत. नाव व तारीख गाळू नये. वृत्ताच्या मथळ्याने वाचकास मजकुराकडे ओढावे, हे योग्यच. सूचनेचा मथळा मात्र मजकूर न वाचताही पुरेसा ठरला पाहिजे. हा भेद पृष्ठरचनेत पाळला गेला, तर ‘पाणीबाणी’लाही अग्रलेखात आपले स्थान राहील.