‘लाच होती का?’ हा प्रश्न आधी बाजूला ठेवा: आयसीआयसीआय प्रकरण आणि कलम १६६(५)

कंपनी कायद्यावर संशोधन प्रस्ताव लिहिणारे बरेच जण चंदा कोचर प्रकरण उदाहरण म्हणून घेतात. घ्यायला हरकत नाही. पण ‘व्हिडिओकॉनला दिलेलं कर्ज बुडालं, नवऱ्याच्या कंपनीत पैसे आले, म्हणून कलम १६६ चा भंग झाला’ एवढं एक वाक्य लिहून पुढे जाऊ नका. या वाक्यात तीन चुका आहेत. त्या सुटल्या की भारतीय कायद्यातली खरी फट दिसते.

आधी घटना पाहू. बँकेचं मुख्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात. चंदा कोचर मे २००९ मध्ये बँकेच्या व्यवस्थापकीय संचालक झाल्या. सीबीआयच्या आरोपानुसार बँकेने व्हिडिओकॉन समूहातल्या एका कंपनीला ३०० कोटींचं कर्ज मंजूर केलं, ते ७ सप्टेंबर २००९ रोजी दिलं गेलं आणि दुसऱ्याच दिवशी समूहाकडून ६४ कोटी रुपये त्यांचे पती दीपक कोचर यांच्या न्यूपॉवर रिन्यूएबल्समध्ये पोचले. कर्ज मंजूर करणाऱ्या समितीत त्या होत्या, असंही सीबीआय म्हणते. कोचर यांनी आरोप नाकारले आहेत. बँकेत कर्जाचा निर्णय कुणी एकटा घेत नाही, असं त्यांचं म्हणणं. फौजदारी खटल्याचा निकाल माझ्यासमोर नाही, त्यामुळे मीही त्यांना दोषी धरून लिहीत नाही. मला रस आहे तो वेगळ्याच गोष्टीत: आपण प्रश्न कुठला विचारतो?

पहिली चूक: कर्ज बुडालं याला महत्त्व देणं. फिड्युशरी कर्तव्य म्हणजे दुसऱ्याच्या वतीने अधिकार वापरणाऱ्याने त्याच्याशी राखायची निष्ठा. तिथे कंपनीचं नुकसान झालं की नाही हे बघायचंच नसतं. रीगल (हेस्टिंग्ज) विरुद्ध गलिव्हर हा १९४२ चा हाउस ऑफ लॉर्ड्सचा निकाल वाचा. रीगल ही सिनेमागृह चालवणारी कंपनी. तिला उपकंपनीमार्फत आणखी दोन सिनेमागृहं भाड्याने घ्यायची होती. जागामालक म्हणाला, उपकंपनीचं भांडवल ५,००० पौंड हवं. रीगलकडे २,००० च होते. मग चार संचालकांनी प्रत्येकी ५०० पौंड घातले, उरलेले अध्यक्ष आणि वकील यांच्यामार्फत आले. पुढे शेअर विकले गेले, तेव्हा प्रत्येक शेअरमागे सुमारे २ पौंड १६ शिलिंग नफा झाला. संचालक प्रामाणिक होते, कंपनीचं काही गेलं नव्हतं. तरी चौघांना नफा परत करावा लागला. कारण एवढंच: संधी पदामुळे मिळाली आणि भागधारकांची संमती घेतली नव्हती.

म्हणजे ‘लाच होती का’ हा फौजदारी प्रश्न झाला. त्यात देवाणघेवाण सिद्ध करावी लागते. इथे त्या एकाच पुराव्यावर दोन मतं पडलीत: नोव्हेंबर २०२० मध्ये मनी लाँडरिंग कायद्याखालच्या निर्णय प्राधिकरणाने मालमत्तेची जप्ती कायम करायला नकार दिला, जुलै २०२५ मध्ये अपील न्यायाधिकरणाने ते उलटवलं. फिड्युशरी प्रश्न त्याहून साधा आहे: हितसंबंध होता का, तो उघड केला का, आणि निर्णयातून बाजूला झालात का? जानेवारी २०१९ मध्ये न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांच्या चौकशी अहवालानंतर बँकेने बोट ठेवलं ते नेमकं इथेच, वार्षिक प्रकटीकरणं आणि बाजूला होणं यांवर.

दुसरी चूक: कलम १६६ लावणं. हे कलम १ एप्रिल २०१४ पासून लागू झालं. घटना २००९ ची. तेव्हा १९५६ चा कंपनी कायदा होता, आणि नफा परत घेण्यासाठी भारतीय विश्वस्त कायदा, १८८२ चं कलम ८८. त्यात संचालकाचा नावानिशी उल्लेख आहे: पदाचा वापर करून संचालकाने ‘स्वतःसाठी’ आर्थिक लाभ मिळवला, तर तो त्याने कंपनीच्या हितासाठी धारण करायचा.

आता ‘स्वतःसाठी’ या शब्दाकडे नीट बघा, आणि रीगलमधल्या अध्यक्षांकडे, म्हणजे गलिव्हरकडे, परत जा. तो सुटला! त्याने ५०० पौंड आणले होते ते ओळखीच्या व्यक्तीकडून आणि कंपन्यांकडून. नफा त्याच्या खिशात गेला नव्हता. ज्याचा नफा नाही त्याच्याकडून हिशेब कसला मागणार, हा युक्तिवाद मान्य झाला. कलम ८८ च्या शब्दांतही हीच पळवाट आहे. लाभ पतीच्या कंपनीत गेला असं गृहीत धरलं, तरी वादीला आधी दाखवावं लागेल की तो संचालकाचाच लाभ होता. माझ्या मते, या प्रकरणातला सगळ्यात अवघड दिवाणी मुद्दा हा आहे, आणि त्यावर फार कमी लिहिलं गेलंय.

२०१३ च्या कायद्याने ही पळवाट बुजवली. कलम १६६(५) मध्ये संचालक स्वतः, नातेवाईक, भागीदार आणि सहयोगी असे सगळे येतात. लाभ कुणाचाही असो, त्याएवढी रक्कम संचालकाने कंपनीला द्यायची. पण इथे तिसरी चूक होते: हे कलम पूर्ण उत्तर आहे असं मानणं.

अंधेरी एमआयडीसीतली एक काल्पनिक कंपनी घ्या. शेजारचा गाळा विकायला निघालाय हे संचालकाला कंपनीच्या कामातून कळतं. तो गुपचूप २ कोटींना पत्नीच्या नावे घेतो. दावा लागेपर्यंत किंमत साडेतीन कोटी होते. १६६(५) म्हणतं ‘लाभाएवढी रक्कम’, म्हणजे दीड कोटी रुपये. पण कंपनीला गाळाच हवा असेल तर? किंवा संचालक दिवाळखोरीत गेला तर? मग ती इतर धनकोंच्या रांगेत. कलम ८८ मध्ये मात्र वस्तूच कंपनीसाठी धारण केलेली मानता येते. खरेदीचे २ कोटी चुकते करून ती गाळ्यावर हक्क सांगू शकते. अडचण अशी की इथे गाळा पत्नीच्या नावावर आहे, म्हणजे पुन्हा ‘स्वतःसाठी’. जुन्या कलमात मालमत्ता मिळते पण नातेवाईक निसटतात. नव्यात नातेवाईक सापडतात पण हाती फक्त रक्कम येते.

आणि दावा करणार कोण? पैसे देणं लागतं ते कंपनीला, आणि कंपनीचा निर्णय घेतं संचालक मंडळ. मार्च २०१८ मध्ये आयसीआयसीआयच्या मंडळाने कोचर यांच्यावर पूर्ण विश्वास जाहीर केला होता. अशा वेळी भागधारकांसाठी कलम २४५ चा सामूहिक दावा असतो. पण पोटकलम (९) वाचा: बँकिंग कंपनीला हे कलम लागूच नाही.

म्हणून शेवटी बँकेने धरली ती कराराची वाट. मुदतपूर्व निवृत्तीला बडतर्फी मानलं, एप्रिल २००९ ते मार्च २०१८ चे बोनस परत मागितले, शेअर पर्याय रद्द केले. नोव्हेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कोचर यांना अंतरिम दिलासा नाकारला. पण नीट बघा, या मार्गाने परत येतं ते बँकेनेच दिलेलं वेतन. बाहेरून कुणाला लाभ झाला असेल, तर त्याला यात हातही लागत नाही.

तर प्रस्ताव लिहिताना ‘कर्तव्याचा भंग झाला का’ इथे थांबू नका. लाभ कुणाच्या नावावर आहे, परत काय मागायचं, रक्कम की वस्तू, आणि मागणार कोण, हे तीन प्रश्न वेगवेगळे लिहून काढा. आपल्याकडचे निकाल पहिल्या प्रश्नावर बरंच बोलतात. या तिघांवर अजून कितीतरी काम शिल्लक आहे.