झिजलेल्या तळाची तिरकी रेघ

भाच्याने धावण्याचे जुने बूट टेबलावर ठेवले. "मावशी, तळ शाबूत आहे. साताऱ्याच्या अर्धमॅरेथॉनपर्यंत चालतील ना?"

मी बूट उलटा केला. टाचेची बाहेरची कड झिजली होती आणि तिथून झीज तिरकी सरकत अंगठ्याखाली येऊन थांबली होती. ही रेघ मला फार देखणी वाटते. पाऊल बाहेरच्या कडेवर टेकलं, आत कललं आणि अंगठ्याने जमीन मागे सारली, हे सगळं तिच्यात उमटलेलं असतं. टाचेची बाहेरची कड झिजलेली पाहून अनेकजण घाबरतात, पण बहुतेकांची ती झिजतेच.

उजव्या बुटात रेघ अशीच होती. डाव्यात मात्र चवड्याची आतली बाजू जास्त घासलेली. दोन्ही बूट सपाट ठेवून मागून पाहिले, तर डाव्याची टाच आत झुकलेली दिसली. भाच्याचा तळवा सपाट आहे. ओल्या पावलाचा ठसा जवळजवळ पूर्ण उमटतो. पण नुसत्या ठशावरून बूट निवडू नयेत. अमेरिकी सैन्यात नवशिक्यांना तळव्याच्या कमानीनुसार बूट देऊन पाहिले, तरी दुखापती कमी झाल्या नाहीत. इथे ठसा, झीज आणि झुकलेली टाच एकच सांगत होती, शिवाय नडगीची आतली बाजूही दुखत होती. म्हणून आतून थोडा आधार असलेले बूट घालून बघ म्हटलं. पण दुकानात चार पावलं पळून जे पायाला सुखाचे वाटतील, तेच घ्यायचे.

आता त्याचा 'शाबूत' तळ. खालचं रबर चिवट असतं. आधी थकतो तो रबर आणि पाऊल यांच्यामधला फोम. त्यातल्या हवेच्या बारीक पोकळ्या दबून जातात. या जोडाच्या कडेला फोमवर आडव्या सुरकुत्या होत्या आणि अंगठ्याने दाबल्यावर तो दगडासारखा लागला. आठवड्याला ३५ किलोमीटर, पाच महिने, म्हणजे साडेसातशेच्या आसपास. साधारण ५०० ते ८०० किलोमीटरमध्ये फोम संपतो. वजनदार धावपटूचा लवकर. नडगीचं दुखणंही गेल्या महिन्यातलंच होतं.

साताऱ्याची वाट यवतेश्वर घाटातली, डांबरी. तिथे खोल खाचांचे डोंगरवाटेचे बूट नकोत; डांबरावर त्या खाचा झटपट झिजतात आणि पायाला टोचतात. एकवीस किलोमीटरला मध्यम जाडीचा फोम पुरे. खरा प्रश्न उताराचा. बोटं पुढे सरकून बुटावर आदळतात आणि नखं काळी पडतात. म्हणून सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याएवढी जागा हवी, आणि तीही संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, धावायचे मोजे घालून तपासायची.

शर्यतीला सहा आठवडे होते. नवा जोड त्याच आठवड्यात आला आणि भाच्याने बुटाच्या जिभेच्या आतल्या बाजूला पेनाने तारीख लिहिली.