प्रदर्शनाच्या उद्घाटनाचा मजकूर

चित्रप्रदर्शनाच्या उद्घाटनाचा मजकूर म्हणजे आठ-दहा ओळी. पूर्वी त्या जाड कार्डावर छापून टपालाने जात. आता चित्राखाली मजकूर जोडून फोनवर पाठवल्या जातात. भिंतीवर काय आहे, चित्रकार केव्हा बोलणार आहे आणि आत कसे जायचे, एवढे वाचकाला कळले की त्यांचे काम झाले. मराठीत आज लिहिले जाणारे बहुतेक मजकूर यातले पहिले अर्धवट सांगतात, दुसरे गोंधळात टाकतात आणि तिसरे विसरतात.

याचे एक कारण वळणात आहे. मराठी निमंत्रणाचा साचा लग्नपत्रिकेने घडवला. 'शुभहस्ते', 'प्रमुख उपस्थिती', 'अगत्य येण्याचे करावे' हे शब्द तिथूनच कलादालनात आले. पत्रिकेत कोण बोलावतो आणि कोणाच्या उपस्थितीत, याला मान असतो, आणि तो रास्तही आहे. चित्रप्रदर्शनात मात्र त्यामुळे उद्घाटकांची पदे पहिल्या चार ओळी खातात आणि चित्रांचे माध्यम कुठेच येत नाही. जलरंग आहेत की तैलरंग, नवी कामे आहेत की जुन्या संग्रहातली, हे दालनात गेल्यावरच कळते.

दुसरे कारण मुंबई-पुण्याच्या सवयीत आहे. मुंबईचे जहांगीर कलादालन १९५२ पासून सुरू आहे. तिथली प्रदर्शने आठवड्याची असतात, वेळ सकाळी ११ ते सायंकाळी ७, प्रवेश विनामूल्य, आणि हे रसिकांना पाठ असते. पुण्यातल्या बालगंधर्व रंगमंदिराच्या कलादालनाचा पत्ताही कोणी विचारत नाही. अशा ठिकाणी चित्रकाराचे नाव आणि तारखा दिल्या की भागते. तोच आखूड नमुना उचलून लोणावळ्यात वापरला की तो अपुरा पडतो, कारण तिथे प्रदर्शन एखाद्या सभागृहात, हॉटेलच्या दालनात किंवा जुन्या बंगल्यात भरते आणि पाहणारा बराचसा बाहेरगावाहून येतो.

मावळात असा मजकूर लिहिणाऱ्याला विषय मात्र आयता आहे. राजा रविवर्मा यांचा शिळाछापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि १८९९ मध्ये लोणावळ्याजवळच्या मळवलीला आला. पुढे तो फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला. दादासाहेब फाळके यांनी चित्रपटाकडे वळण्यापूर्वी लोणावळ्यात छपाईचा कारखाना काढला होता. तिथे या छापखान्यासाठी फोटोलिथोची कामे होत आणि पुढे हाफटोन ठसेही बनू लागले. देवघरातल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या कितीतरी तसबिरी या परिसरातून देशभर गेल्या. त्यांच्या तळाशी, कागदाच्या पांढऱ्या कडेवर, छापखान्याचे नाव आणि 'कारला-लोणावळा' असा ठिकाणाचा उल्लेख छापलेला सापडतो. चौकट बसवताना ही कड अनेकदा कापली गेली आणि तिच्याबरोबर चित्राचा दाखलाही गेला.

अशा तसबिरींचे प्रदर्शन भरवणाऱ्याकडून सर्वांत सहज होणारी चूक म्हणजे 'राजा रविवर्मा यांची मूळ चित्रे' असे लिहिणे. मूळ चित्र कॅनव्हासवरचे तैलचित्र. तसबीर ही शिळामुद्रित प्रत, म्हणजे ओलिओग्राफ: प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड, एकावर एक छाप, आणि शेवटी तैलचित्राची चकाकी यावी म्हणून वार्निश. शिवाय बाजारात त्याच चित्रांच्या अलीकडच्या ऑफसेट प्रतीही आहेत. फरक साध्या भिंगाखाली दिसतो. दगडावर हाताने मारलेले ठिपके लहानमोठे आणि अनियमित असतात. ऑफसेटचे ठिपके जाळीसारखे ठरावीक अंतरावर रांगेत बसतात. मजकूर लिहिणाऱ्याने लिहिण्याआधी भिंग घेऊन पाच मिनिटे चित्रासमोर उभे राहावे, एवढीच अपेक्षा आहे. ती क्वचितच पुरी होते. श्रेयाचाही प्रश्न उरतो. छापखान्याची सगळी चित्रे रविवर्म्यांची नव्हती, इतर चित्रकारांची कामेही तिथे छापली गेली. म्हणून 'रविवर्मा छापखान्याची चित्रे' हे शब्द खरे ठरतात आणि 'रविवर्म्यांची चित्रे' हे दर वेळी ठरत नाहीत.

'कलावंताशी संवाद' ही ओळ तर आता साच्याचाच भाग झाली आहे. रविवर्मा १९०६ मध्ये निवर्तले, तेव्हा इथे संवाद कोणाशी, हे सांगावेच लागते: संग्राहकाशी, अभ्यासकाशी, की आज दगडावर काम करणाऱ्या मुद्राचित्रकाराशी. चित्रकार हयात असला तरी खरी अडचण वेळेची असते. मजकुरात 'उद्घाटन सायं. ५ वा., त्यानंतर संवाद' असे लिहिले जाते. त्या 'त्यानंतर'मध्ये दीपप्रज्वलन, सत्कार, मनोगते आणि चहा येतो. सहाला सुरू होईल असे वाटलेला संवाद सातला सुरू होतो आणि पुण्याहून आलेला माणूस परतीच्या लोकलकडे बघत उठतो. लोणावळा पुण्यापासून रेल्वेने सुमारे ६४ किलोमीटर, लोकलने तासाभराहून अधिक. दुपारी लोकल विरळ असतात. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी भुशी धरणाकडे जाणाऱ्या गर्दीने रस्ताही अडतो. म्हणून इथे संवादाला स्वतंत्र वेळ, शक्यतो दुसऱ्या दिवशीची सकाळ, द्यावी आणि तो संपण्याची वेळही छापावी. शेवटची वेळ लिहिलेली असली की वक्ताही आटोपशीर बोलतो.

प्रवेशाच्या बाबतीत 'सर्वांना मुक्त प्रवेश' हे शब्द फसवे ठरतात. प्रदर्शन विनामूल्य असते, पण प्रात्यक्षिकाला जागा मोजक्या असतात, किंवा उद्घाटनाची संध्याकाळ फक्त निमंत्रितांसाठी असते. दोन्ही गोष्टी एकाच ओळीत दडपल्या की दारात वाद होतो, आणि तो बहुधा दारावर उभ्या असलेल्या स्वयंसेवकाच्या वाट्याला येतो.

वरच्या तसबिरींचेच एखादे प्रदर्शन कल्पिले, तर नमुन्याचा मजकूर असा होईल: 'मळवलीची देवचित्रे. रविवर्मा छापखान्याच्या ४० शिळामुद्रित प्रती. उद्घाटन शनिवार, ५ डिसेंबर २०२६, सायं. ५. शिळाछापाचे प्रात्यक्षिक आणि मुद्राचित्रकाराशी मराठीतून संवाद रविवार, ६ डिसेंबर, सकाळी ११ ते १२.३०. प्रदर्शन १३ डिसेंबरपर्यंत रोज ११ ते ७, प्रवेश विनामूल्य. प्रात्यक्षिकासाठी ३० जागा, नावनोंदणी आवश्यक. लोणावळा स्थानकापासून पायी १० मिनिटे; दालन पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही.' यात उद्घाटकांचे नाव हवेच असेल तर ते उद्घाटनाच्या वेळेनंतर एका ओळीत बसते, पदांची माळ न लावता. शेवटची सूचना क्षुल्लक वाटते, पण गुडघे दुखणाऱ्या रसिकासाठी तीच निर्णायक असते. वार आणि तारीख दोन्ही लिहिल्याने आणखी एक सोय होते: त्यांचा मेळ बसत नसेल तर चूक छापण्याआधीच पकडता येते.

दैनिकांतल्या 'आजचे कार्यक्रम' या सदराने ही शिस्त पूर्वीच घालून दिली होती. तिथे जागाच एवढी थोडी असे की कार्यक्रम, वक्ता, स्थळ आणि वेळ यांपलीकडे काही मावत नसे. फोनवर जागेला मोल नाही, म्हणून विशेषणे परतली. 'कलाविश्वातील अविस्मरणीय पर्वणी' असे लिहिलेल्या चित्रात दालनाचा पत्ता अनेकदा इतक्या बारीक अक्षरांत असतो की फोनवर तो वाचताच येत नाही. निमंत्रण चित्राच्या रूपात पाठवले तरी स्थळ, वेळ आणि नावनोंदणीचा क्रमांक शेजारी साध्या अक्षरांतही द्यावा. तो उचलून दुसऱ्याला पाठवता येतो आणि डोळ्यांनी अधू असलेल्या माणसाचा फोन तो वाचूनही दाखवतो.