कुडाळचा पाऊस आणि स्लाइडांचा क्रम

कुडाळच्या एका विज्ञानशिक्षकांबरोबर मी शिबिरात सत्र घेणार आहे. विषय: ‘आपला जांभा’. त्यांच्या स्लाइडांच्या कच्च्या मसुद्यावर ई-मेलने कळविलेला अभिप्राय त्यांच्या संमतीने येथे देत आहे.

सर, सप्रेम नमस्कार.

मसुदा दोनदा वाचला. आपल्या चौदाव्या स्लाइडवर एक फार चांगला प्रश्न आहे: वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडूनही सड्यावरच्या विहिरी मे महिन्यात कोरड्या का? माझी सूचना अशी की, हा प्रश्न पहिल्याच स्लाइडवर आणावा. सध्या त्याआधी तेरा स्लाइडा व्याख्या आणि घटकद्रव्ये सांगतात. ती कशासाठी ऐकायची, हे श्रोत्याला तोवर कळत नाही.

दुसरी गोष्ट शीर्षकांची. ‘जांभ्याचे गुणधर्म’ हे शीर्षक विषय सांगते, म्हणणे सांगत नाही. त्याऐवजी ‘जांभा पाणी मुरवतो, पण धरून ठेवत नाही’ असे पूर्ण वाक्य लिहून पाहा. मी सर्व शीर्षके अशी लिहून ओळीने वाचली, तेव्हा एक विसंगती दिसली. सहावी स्लाइड म्हणते, ‘सच्छिद्र असल्याने जांभ्यात भरपूर पाणी साठते’. मग विहिरी आटतात कशा? मधला दुवा राहून गेला आहे. पाणी जांभ्याच्या छिद्रांतून खाली जाते, खालच्या चिकणमातीच्या थरावर अडते आणि आडवे वाहत सड्याच्या कडेला झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. यासाठी एक उभा छेद काढावा: वर जांभा, खाली माती, दोन बाण. थरांची जाडी गावोगाव बदलते, एवढे मात्र तेथे लिहावे.

तिसरी गोष्ट आकृत्यांची. महिनावार पावसाचे वर्तुळ बारा फाकांचे आहे. त्यातील जून ते सप्टेंबर वर्तुळ व्यापतात आणि उरलेल्या फाका ओळखूच येत नाहीत. येथे स्तंभालेख घ्यावा. चार उंच स्तंभ आणि पुढची मोकळी जागा हेच आपले म्हणणे आहे. नकाशात जांभा तांबडा व झाडी हिरवी आहे. काही मुलांना या रंगांतील फरक दिसत नाही, म्हणून नावे नकाशावरच लिहावीत.

शीर्षकाचा आग्रह क्षुल्लक वाटेल, म्हणून एक उदाहरण देतो. २००३ साली कोलंबिया अवकाशयान कोसळण्यापूर्वी त्याच्या पंखाला बसलेल्या फोमच्या तडाख्याविषयी एक स्लाइड दाखविली गेली होती. तिच्या शीर्षकावरून धीर वाटावा असे होते. प्रत्यक्ष तुकडा चाचणीतल्या तुकड्यांहून शेकडो पट मोठा होता, ही बाब मात्र तळाच्या ओळीत होती. चौकशी मंडळाने अहवालात या स्लाइडची दखल घेतली.

जांभ्याच्या तुकड्यावर पेलाभर पाणी ओतण्याचा आपला प्रयोग मात्र तसाच ठेवा, फक्त प्रश्नानंतर लगेच घ्या. शेवटी, स्लाइड पडद्यावर लावून मागच्या बाकावर बसून वाचा. जी ओळ वाचता येत नाही ती मोठी करण्यापेक्षा बहुधा काढूनच टाकावी लागेल.

आपला स्नेहांकित