तीन सत्त्या

‘चॅलेंज’च्या डावात खेळणाऱ्याला बोलायचं असतं ते जेमतेम दोन शब्दांचं. “तीन सत्त्या.” “एक गुलाम.” “दोन अठ्ठ्या.” पानं उपडी ठेवायची, हे दोन शब्द म्हणायचे आणि इतरांच्या तोंडाकडे बघत बसायचं. मेंढीकोट किंवा बदाम सात तोंड मिटूनही खेळता येतात. इथं मात्र अर्धा खेळ त्या दोन शब्दांत आहे, आणि त्यांना एक मजेशीर अट आहे: पहिला शब्द खराच हवा, दुसरा खोटा असला तरी चालतो. तीन म्हटलं की पानं तीनच ठेवायची. त्या सत्त्या आहेत की नाहीत, हे ज्याचं त्याला ठाऊक.

बाकी नियम थोडकेच. सगळा कॅट वाटून टाकायचा. सुरुवात करणारा कुठलंही पान पुकारतो. पुढच्यानं तेच पान पुकारत आपली पानं ठेवायची, नाहीतर ‘पास’ म्हणायचं. संशय आला तर कुणीही ‘चॅलेंज’ म्हणावं. मग नुकतीच ठेवलेली पानं उलटून बघतात. खोटी निघाली तर ठेवणाऱ्यानं सगळा गठ्ठा उचलायचा, खरी निघाली तर चॅलेंज करणाऱ्यानं. सगळेच पास झाले की गठ्ठा उपडाच बाजूला जातो, तो पुन्हा कुणी बघायचा नाही, आणि शेवटी पानं ठेवणारा नवी सुरुवात करतो. ज्याची पानं आधी संपतील तो जिंकला.

सोलापुरात मे महिन्याच्या दुपारी दहा वर्षांच्या मुलीला घरात थोपवून धरायचं तर पत्त्यांसारखा उपाय नाही. बाहेर पारा त्रेचाळीसच्या पुढे, गल्लीत चिटपाखरू नाही. खाली अंथरायला चादर अर्थात सोलापुरी; तिच्या जाड विणीवर पानं घसरत नाहीत. भाची पाचवीत, म्हणजे अपूर्णांक येतात पण आवडत नाहीत. तिसरी गडी आजी. नियम ऐकून भाचीनं विचारलं, “मामा, म्हणजे खोटं बोलायचं?” मी काही उत्तर जुळवायच्या आत आजी म्हणाली, “पानाचं नाव खोटं. बाकी काही नाही.”

या ‘बाकी काही नाही’चा अर्थ दुसऱ्याच डावात उलगडला. भाचीनं “एक पंजी” म्हणत एकाखाली एक अशी दोन पानं सरकवली. आजीनं त्यांवर हात ठेवला. “मोज की गं. रडीचा डाव खेळायलीस.” पोरगी कानापर्यंत लाल झाली. त्याआधी तिनं तिर्रीला राजा म्हटलं होतं, नजरसुद्धा न हलवता. दोन्ही असत्यंच, पण दुसऱ्याची तिला लाज वाटली. मला हा या खेळातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. पानाचं खोटं नाव हा सगळ्यांनी मिळून मान्य केलेला धोका आहे, आणि ते उघडं पाडायला ‘चॅलेंज’ हा शब्द प्रत्येकाच्या हाती दिलेला आहे. पानांची संख्या चोरण्यावर तसा उतारा नाही. ती चोरी खेळातल्या चालीत बसत नाही, ती खेळालाच फसवते. दहा वर्षांच्या मुलीला हा फरक समजावून सांगावा लागला नाही.

आता एक डाव नीट वाचून बघू. आजीनं पानं पिसून वाटली. बावन्न पानं तिघांत सारखी बसत नाहीत. मला १८ आली, त्या दोघींना १७-१७. माझ्याकडे एक सत्ती होती. मी ती ठेवली आणि खरंच बोललो, “एक सत्ती.” पुढची भाची. तिनं तीन पानं ठेवली, “तीन सत्त्या.”

उरलेल्या तीन सत्त्या मला न दिसणाऱ्या ३४ पानांत आहेत, त्यांतली १७ भाचीची. तिन्ही तिच्याकडेच असण्याची शक्यता किती? प्रत्येक सत्ती तिच्याकडे किंवा आजीकडे, म्हणजे निम्मी शक्यता. निम्म्याच्या निम्म्याच्या निम्मी, म्हणजे आठात एक. इतकं पाचवीच्या मुलीलाही तोंडी येतं. हे जवळजवळ बरोबर आहे, पण पुरतं नाही. पहिली सत्ती भाचीच्या हातात गेली की तिच्याकडे ३३ पैकी १६च जागा उरतात, दुसरी गेली की ३२ पैकी १५. गुणाकार केला की ४४ मध्ये ५ येतात. असे ४४ डाव वाटले तर सरासरी ५ डावांत तिन्ही सत्त्या भाचीकडे असतील, ३९ डावांत नसतील.

म्हणजे चॅलेंज करून टाकावं? इथंच बहुतेक मोठी माणसं फसतात. चव्वेचाळिसात पाच हे पानांबद्दलचं उत्तर आहे. मला हवंय ते भाचीबद्दलचं: ती ‘तीन सत्त्या’ म्हणाली असताना त्या असतील का? त्यासाठी ती किती वेळा थापा मारते हे माहीत हवं. तिन्ही सत्त्या असल्या की ती नक्कीच टाकते असं धरू. नसतात त्या ३९ डावांत ती कधी पास म्हणेल, कधी असलेल्या एक-दोन सत्त्या प्रामाणिकपणे ठेवेल आणि कधी तीन म्हणून ठोकून देईल. ती जपून खेळणारी असेल आणि ३९ पैकी ३ वेळाच थाप मारत असेल, तर ‘तीन सत्त्या’ हे शब्द मला एकूण ८ वेळा ऐकू येतील आणि त्यांतले ५ वेळा खरे असतील. तिला थापांची चटक लागली असेल आणि ती १३ वेळा ठोकून देत असेल, तर १८ पैकी ५च खरे. पानं तीच, ४४ मध्ये ५ही तेच, पण पहिल्या मुलीला चॅलेंज करणं तोट्याचं आणि दुसरीला न करणं तोट्याचं. सीमारेषा आहे ३९ पैकी ५ थापांवर, साधारण आठात एक. तिथं खरं आणि खोटं बरोबरीला येतं आणि माझ्या चॅलेंजचा निकाल छापा-काट्यासारखा होतो.

जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञानं १९२८च्या एका निबंधात अशा खेळांच्या गणिताचा पाया घातला आणि १९४४ साली ऑस्कर मॉर्गेनस्टर्नबरोबर लिहिलेल्या ग्रंथात सोप्या केलेल्या पोकरवर एक स्वतंत्र विभाग खर्च केला. पोकरमध्ये कधीच थाप न मारणाऱ्याचं चांगलं पान वाया जातं, कारण त्याच्या पुढे कुणी येतच नाही. थोड्या थापा असतील तरच खऱ्या पानाला गिऱ्हाईक मिळतं. आमच्या चादरीवर हे थोडं उलटं दिसतं. सलग खरं बोललेल्या मुलीची एक थाप बिनबोभाट खपते, आणि सलग थापा मारलेल्या मुलीच्या खऱ्या सत्त्यांवर आम्ही चॅलेंज करून आपणच गठ्ठा उचलतो. भाचीला यातलं दुसरं आधी सापडलं. दोनदा मुद्दाम पकडली गेल्यावर तिसऱ्यांदा ती हसू दाबत खऱ्या राण्या टाकायची. खरं बोलून फसवणं हे तिनं स्वतः शोधलेलं. मला त्याचं कौतुकही वाटलं आणि थोडी धाकधूकही.

एक अट मात्र ध्यानात ठेवावी लागते. वरचा हिशेब भाची माझ्या मागून खेळली म्हणूनच लागू आहे. सत्ती तिनं निवडली नव्हती, मी लादली होती. तिनंच सुरुवात करून “तीन सत्त्या” म्हटलं असतं तर ४४ मध्ये ५ हा आकडा कुचकामी ठरला असता. तेरा प्रकारांतून ज्याची तीन पानं आहेत तेच ती निवडणार, आणि सतरा पानांत कुठलं तरी एक त्रिकूट असणं मुळीच दुर्मीळ नाही. सुरुवात करणाऱ्याचे तीन बहुधा खरे असतात, मागून येणाऱ्याचे तीन बहुधा संशयास्पद. भाचीला हे आकड्यांत सांगितलं नाही. “ही सत्ती तू निवडलीस का मी?” एवढं विचारलं, तेवढ्यावर तिची ट्यूब पेटली.

आणि आजी? तिची अजून पाळी यायची आहे, पण तिचं गप्प बसणं हीसुद्धा बातमी आहे. भाचीकडे तीन सत्त्या नसतील, तर माझी एक सोडून उरलेली किमान एक आजीकडे असणारच. त्या ३९ डावांपैकी २२ मध्ये आजीकडे दोन किंवा तीन असतात. तिला भाचीची थाप दिवसाढवळ्या दिसते, कारण तीन आणि दोन पाच होतात आणि कॅटमध्ये सत्त्या चारच. उरलेल्या १७ डावांत आजीकडे एकच असते, आणि तेव्हा तिची पंचाईत होते. माझी एक, भाचीच्या तीन, तिची एक. पाच झाल्या, म्हणजे कुणीतरी खोटं बोललं; पण जावई की नात? चॅलेंज तर शेवटच्या पानांवरच करता येतं. मी जावई असल्यामुळे आजी माझ्यावर संशय घेत नाही असं ती म्हणते. हेही विधान मी पानांसारखंच तोलून घेतो.

त्या डावात आजी गप्प राहिली. मी ते खऱ्या सत्त्यांचं लक्षण मानून पास म्हणालो. पुढं कळलं की तिच्याकडे दोन सत्त्या होत्या आणि नातीला थोडं पुढं जाऊ द्यावं असं तिच्या मनात होतं. गप्प बसण्यामागे माया असेल तर कुठलाच गुणाकार उपयोगी पडत नाही.

भाचीला सगळ्यात जड गेला तो गठ्ठा. वीसेक पानं एकदम उचलावी लागली की डोळ्यांत पाणी. पण ती पानं प्रकारवार लावू लागल्यावर तिला दिसलं की चारही छक्क्या आता तिच्याकडे आहेत, चारही दश्शा आहेत, गुलाम तीन आहेत. आता कुणी “एक दश्शी” म्हटलं की शक्यता मोजायचं कामच नाही. शिवाय कोण कुठल्या वेळी काय बोललं होतं आणि प्रत्यक्षात काय ठेवलं होतं, तेही गठ्ठ्याच्या क्रमात लिहिलेलं असतं. हरणारा सगळ्यात जास्त जाणतो. रडं थांबवायला याहून चांगला मुद्दा मला सुचला नसता.

शेवटच्या पानाचं गणित वेगळं. कुणाचं शेवटचं पान पडलं की चॅलेंज करायचंच, कारण चुकलं तरी तो जिंकणारच होता आणि न केलं तरी जिंकणारच. गमवायला काही नसतं. म्हणून शेवटची पानं खरी ठेवावी लागतात, आणि ती खरी ठेवायची हमखास वाट म्हणजे सुरुवात आपल्या हाती घेणं, मग आपलंच पान पुकारता येतं. पण सुरुवात तेव्हाच मिळते जेव्हा आधीच्या पानांवर बाकीचे सगळे पास म्हणतात. भाची पहिल्यांदा जिंकली ती दोन राण्यांवर. आजीनं चॅलेंज केलं, राण्या निघाल्या. त्याआधी तिनं “एक नव्वी” टाकली होती आणि आम्ही दोघंही पास झालो होतो. ती नव्वीच होती का, हे बाजूला ठेवलेल्या गठ्ठ्यात बघायला नियमानं बंदी आहे.