भाषांतर वाचू नका, चालवून बघा: सर्वसाधारण सभेच्या नोटिशीची चिकित्सा

भाषांतराची समीक्षा करा म्हटलं की आपण बहुतेक जण एकच गोष्ट करतो. मूळ आणि भाषांतर शेजारीशेजारी ठेवतो, खटकणारे शब्द अधोरेखित करतो आणि 'बोजड', 'कृत्रिम', 'प्रवाही नाही' असे शेरे मारतो. कवितेच्या बाबतीत हे कदाचित चालेल. कंपनीच्या सर्वसाधारण सभेच्या नोटिशीला मात्र ही पद्धत अजिबात लागू पडत नाही. नोटीस ही प्रयोगशाळेतल्या प्रोटोकॉलसारखी असते. कोणी यायचं, किती वाजेपर्यंत काय द्यायचं, किती माणसं जमली तर सभा सुरू होते, कोणाचं मत मोजायचं, हे सगळं ती ठरवते. म्हणून तिच्या भाषांतराला विचारायचा पहिला प्रश्न असा: दोन्ही मजकुरांत तीच माणसं आणि तेच आकडे घातले, तर निकाल तोच येतो का?

आज एक नोटीस अशी चालवून बघू. कुठल्याही एका कंपनीला नावं ठेवायची नाहीत, म्हणून अशा नोटिशींत येते तशी मराठी वाक्यं घेऊन मी एक नमुना तयार केला आहे. शेअर बाजारात नोंद नसलेली एक पब्लिक कंपनी, सभासद 640, वार्षिक सर्वसाधारण सभा शनिवार, 26 सप्टेंबर, सकाळी 11 वाजता. मूळ नोटीस इंग्रजीत, कंपनी कायदा 2013 प्रमाणे. सोबत मराठी अनुवाद.

पहिली चाचणी: कोरम

अनुवादातलं वाक्य: 'सभेच्या गणपूर्तीसाठी किमान पाच सभासद स्वतः किंवा प्रतिनिधीमार्फत उपस्थित असणे आवश्यक आहे.'

वाचायला छान आहे, व्याकरणही चोख आहे. आता ते चालवू.

कायद्याच्या कलम 103 प्रमाणे पब्लिक कंपनीचे सभासद 1000 पर्यंत असतील तर कोरम 5 चा, 1000 च्या वर 5000 पर्यंत असतील तर 15 चा आणि त्याहून जास्त असतील तर 30 चा. कंपनीच्या नियमावलीत याहून मोठा आकडा असेल तर तो धरायचा. पण इथे आकड्यापेक्षा त्याला जोडलेली अट महत्त्वाची आहे: हे सभासद जातीने हजर हवेत. प्रॉक्सी यात मोजत नाहीत.

समजा त्या दिवशी 3 सभासद स्वतः आले. आणखी 4 सभासदांनी आपले प्रॉक्सी पाठवले. आणि या कंपनीचे शेअर असलेल्या एका दुसऱ्या कंपनीने संचालक मंडळाचा ठराव करून आपला अधिकृत प्रतिनिधी पाठवला. हा शेवटचा माणूस प्रॉक्सी नव्हे. कंपनीला पाय नसतात, ती स्वतः चालत येऊ शकत नाही. म्हणून कलम 113 तिच्या प्रतिनिधीला सभासदासारखेच हक्क देतं आणि तो जातीने हजर धरला जातो.

मूळ नोटिशीप्रमाणे हजेरी 3 अधिक 1, म्हणजे 4. कोरम नाही. मराठी नोटिशीप्रमाणे 3 अधिक 1 अधिक 4, म्हणजे 8. कोरम झाला, सभा सुरू करा! आणि कोरम नसताना केलेले ठराव कायद्यासमोर टिकत नाहीत.

इथे थांबून कारण शोधायला हवं, कारण 'चुकीचं भाषांतर' एवढ्यावर सोडलं तर ती समीक्षा झाली नाही. चूक 'प्रतिनिधी' या एका शब्दात आहे. इंग्रजीतले दोन वेगळे हुद्दे, प्रॉक्सी आणि अधिकृत प्रतिनिधी, मराठीत एकाच शब्दात कोंबले गेलेत. पुरावा हवा असेल तर चूक उलट्या बाजूने दुरुस्त करून बघा. 'गणपूर्तीसाठी प्रतिनिधी धरले जाणार नाहीत' असं लिहिलं, आणि सभेला 4 सभासद स्वतः आणि 1 अधिकृत प्रतिनिधी आला, तर आता कायद्याने कोरम आहे (5) आणि मराठीत नाही (4). वाक्य बदलूनही चूक जात नाही, फक्त कूस बदलते. म्हणजे दोष वाक्यरचनेचा नाही, संज्ञेचा आहे.

माझं मत असं की इथे सरळ 'प्रॉक्सी' लिहावं आणि 'अधिकृत प्रतिनिधी' हे शब्द फक्त कंपनीच्या माणसासाठी राखून ठेवावेत. मात्र 'प्रॉक्सी' शब्दाचाही एक धोका आहे, आणि तो विद्यार्थ्यांना लगेच कळेल. आपल्याकडे 'माझी प्रॉक्सी लाव' म्हणजे मी वर्गात नसताना माझी हजेरी लागते. कंपनीच्या सभेत बरोबर उलटं आहे: प्रॉक्सी आला तरी हजेरी लागत नाही. म्हणून नुसता शब्द बदलून भागणार नाही, वाक्यात स्पष्ट सांगावं लागेल.

दुसरी चाचणी: कोरम झाला नाही तर?

अनुवाद म्हणतो: 'गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास तीच सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल व त्या सभेस गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही.'

हे वाक्य ओळखीचं वाटलं ना? आपल्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावर ते दरवर्षी लागतं. सहकारी संस्थांच्या नोटिशींत ते इतकं रुळलंय की भाषांतरकाराचा हात आपोआप तिकडे वळतो. पण ही कंपनी आहे. कलम 103 मध्ये अर्धा तास आहे खरा, पण तो वाट पाहण्याचा. अर्ध्या तासात कोरम झाला नाही तर सभा पुढच्या आठवड्यात त्याच वारी, त्याच वेळी, त्याच जागी जाते, किंवा संचालक मंडळ ठरवेल त्या दिवशी. त्या पुढच्या सभेतही अर्ध्या तासात कोरम झाला नाही, तर जे सभासद हजर असतील तोच कोरम.

आपल्या नमुन्यात चालवून बघा. इंग्रजी वाचणारा साडेअकराला घरी जातो आणि 3 ऑक्टोबरला परत येतो. मराठी वाचणारा तिथेच बसून राहतो, कारण त्याच्या समजुतीप्रमाणे खरी सभा आता सुरू होणार आहे.

या चुकीचं वैशिष्ट्य असं की भाषा तपासणाऱ्याला ती दिसतच नाही. वाक्य अस्सल मराठी आहे, कदाचित साऱ्या नोटिशीतलं सगळ्यात सहज वाक्य. ते फक्त दुसऱ्या कायद्यातलं आहे. संशोधनाच्या दृष्टीने मला हे फार महत्त्वाचं वाटतं: सहजता हा भाषांतराच्या अचूकतेचा पुरावा नाही. कधी कधी ती उसनवारीची खूण असते.

तिसरी चाचणी: प्रॉक्सीच्या सूचना

इथे तीन वाक्यं तपासू.

'प्रॉक्सी हा कंपनीचा सभासद नसावा.' मुळात म्हटलंय की तो सभासद असण्याची गरज नाही. 'गरज नाही' आणि 'नसावा' यांत मुभा आणि मनाई इतका फरक आहे. हे वाचून शेजारच्या सभासदाला प्रॉक्सी नेमायला निघालेला माणूस थांबेल, आणि त्याचं मत विनाकारण वाया जाईल.

'प्रॉक्सीला सभेत भाग घेण्याचा व मतदान करण्याचा अधिकार राहील.' मुळात 'हजर राहणे आणि मत देणे' आहे. 'भाग घेणे' म्हटलं की त्यात बोलणं आलं, आणि कलम 105 प्रमाणे प्रॉक्सीला सभेत बोलण्याचा हक्क नाही. मतदानालाही अट आहे: हात वर करून मतं घेतली तर प्रॉक्सीचा हात मोजत नाहीत. पोल घेतला, म्हणजे शेअरच्या हिशेबाने मतं मोजली, तरच त्याचं मत धरतात. मराठीत दोन्हीला 'मतदान' म्हटल्यामुळे हा भेद पुसला गेला.

'प्रॉक्सी फॉर्म सभेच्या दोन दिवस आधी जमा करावा.' मुळात 48 तास आहेत. सभा शनिवारी सकाळी 11 ला, म्हणजे फॉर्म गुरुवारी सकाळी 11 च्या आत पोचायला हवा. 'दोन दिवस आधी' वाचणारा गुरुवारी संध्याकाळी पाचला फॉर्म घेऊन जाईल आणि त्याला नकार मिळेल. एकक बदललं की मोजमाप बदलतं, हे आपल्याला प्रॅक्टिकलच्या पहिल्या दिवशी शिकवतात.

चौथी चाचणी: विषयपत्रिका

विषयपत्रिकेत एकच शब्द दोन जागी येतो आणि घोटाळा करतो: 'विशेष'. कायद्याप्रमाणे हिशेब, लाभांश, निवृत्त होणाऱ्या संचालकांच्या जागी नेमणूक आणि लेखापरीक्षक हे चार विषय सोडून वार्षिक सभेतलं बाकी सगळं 'विशेष कामकाज'. 'विशेष ठराव' ही वेगळी गोष्ट आहे: त्यात बाजूची मतं विरोधी मतांच्या किमान तिप्पट लागतात. विशेष कामकाजातला एखादा विषय साध्या ठरावानेही मंजूर होऊ शकतो. नमुना नोटिशीत मात्र 'विशेष' शीर्षकाखालच्या सगळ्या विषयांना 'विशेष ठराव' म्हटलंय.

समजा अशा एका साध्या ठरावावर 60 मतं बाजूने आणि 25 विरोधात पडली. ठराव मंजूर आहे. पण मराठी नोटिशीवरून हिशेब करणारा म्हणेल, 25 ची तिप्पट 75, म्हणजे ठराव पडला!

मग कसं लिहायचं?

टीका केली तर पर्याय द्यावा लागतो. कोरम आणि प्रॉक्सीचा मजकूर मी असा लिहीन:

'सभा सुरू होण्यासाठी किमान पाच सभासद स्वतः हजर हवेत. सभासद असलेल्या कंपनीचा अधिकृत प्रतिनिधी स्वतः हजर धरला जाईल. प्रॉक्सी हजेरीत मोजले जाणार नाहीत. प्रॉक्सी म्हणून कोणालाही नेमता येईल, तो सभासद असो वा नसो. प्रॉक्सीला सभेत बोलता येणार नाही आणि हात वर करून मत देता येणार नाही. पोल झाल्यास त्याला मत देता येईल. प्रॉक्सी फॉर्म गुरुवार, 24 सप्टेंबर, सकाळी 11 च्या आत नोंदणीकृत कार्यालयात पोचला पाहिजे.'

मजकूर लांबला हे खरं. पण मुळात जी माहिती दोन शब्दांत दडलेली होती ती मराठीत उघड करायला जागा लागतेच. शेवटच्या वाक्यात मी 48 तास काढून थेट वेळ लिहिली, कारण वजाबाकी करायचं काम वाचणाऱ्यावर का टाकायचं?

यावर एक आक्षेप नेहमी येतो: अनुवादाच्या तळाशी 'तफावत आढळल्यास इंग्रजी मजकूर ग्राह्य' अशी ओळ असतेच, मग एवढा काथ्याकूट कशाला? त्या ओळीने कंपनी सुरक्षित होते. पण तफावत 'आढळायला' दोन्ही मजकूर वाचता यावे लागतात. जो सभासद फक्त मराठी वाचतो, ज्याच्यासाठी हा अनुवाद केला, नेमक्या त्याच्याच हाती ती ओळ काही देत नाही.

या पद्धतीची मर्यादाही लक्षात ठेवा. आकडे घालून चालवण्याने निकाल बदलणाऱ्या चुका सापडतात. 'मंजूर करणे योग्य वाटल्यास' याऐवजी अनुवादात 'मंजूर करण्यासाठी' आलं, तर मोजणीत काहीच फरक पडत नाही. फक्त सभासदाला वाटतं की सगळं आधीच ठरलंय, आपण कशाला जायचं. ती चूक पकडायला वाचकच लागतो. म्हणून दोन्ही याद्या वेगळ्या ठेवा: एकीत निकाल बदलणाऱ्या चुका, दुसरीत समज बदलणाऱ्या. शोधनिबंधात त्या एकत्र करून 'एकूण इतक्या चुका' असा आकडा दिलात, तर 'नसावा' आणि एखादी ऱ्हस्व-दीर्घाची चूक एकाच वजनाच्या होतील.