शिफारसपत्र : श्रेणी आणि चौकट

परदेशी विद्यापीठात प्रवेश मागणाऱ्या पुण्यातील विद्यार्थ्याची शिफारस त्याच्या अध्यापकास आज बहुधा त्या विद्यापीठाच्या पोर्टलवरच नोंदवावी लागते. बौद्धिक कुवत, संशोधनक्षमता, लेखन, सहकार्य अशा गुणांपुढे ‘पहिल्या 5 टक्क्यांत’, ‘पहिल्या 10 टक्क्यांत’ अशा श्रेणी असतात व तळाशी अभिप्रायाची लहानशी चौकट असते. स्वतंत्र पत्र जोडण्याची सोय नसेल, तर अध्यापकाचे सारे म्हणणे तेवढ्यातच मावावे लागते.

येथे सामान्यतः घडते ते असे : सर्व गुणांपुढे सर्वोच्च श्रेणीची खूण केली जाते आणि चौकटीत तीच विशेषणे पुन्हा लिहिली जातात. थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने 1920 साली सैन्याधिकाऱ्यांनी हाताखालच्यांना दिलेल्या श्रेणी तपासल्या, तेव्हा परस्परभिन्न गुणांच्या श्रेणी अपेक्षेपेक्षा फारच जुळत्या आढळल्या. एकंदर मत अनुकूल झाले की ते प्रत्येक गुणावर पसरते. सरसकट सारख्या खुणा हे या दोषाचेच लक्षण होय.

दुसरा प्रश्न छेदाचा. ‘पहिल्या 5 टक्क्यांत’ म्हणजे कोणांपैकी? 40 जणांच्या वर्गात त्याचा अर्थ दोघे. 12 जणांच्या वर्गात एकही पुरता भरत नाही. तेथे दहा वर्षांतील 120 विद्यार्थी हिशेबात घेतले, तर सहा जण होतात. हा छेद सांगण्याची जागा श्रेणीत नाही. ती चौकटीतच आहे.

एक उदाहरण कल्पावे. एम. ए.च्या एका विद्यार्थिनीने भारत इतिहास संशोधक मंडळातील मोडी कागद वाचले. पेशवेकालीन पत्रांत पुष्कळदा चंद्रतारीख असते, पण सन नसतो. एका छापील पत्रास संपादकाने दिलेला सन वाराशी जुळत नाही, हे तिने गणिताने दाखविले. अध्यापकाने संशोधनक्षमतेस सर्वोच्च श्रेणी द्यावी. इंग्रजी लेखनास मात्र, तिचे तेवढे कसब नसल्यास, एक पायरी खालची. आणि सहकार्य पाहिलेच नसेल तर ‘मत देण्यास आधार नाही’ हा पर्याय निवडावा. चौकटीत तीनच गोष्टी याव्यात : तुलना कोणत्या 120 जणांशी केली, त्या सनाचा शोध कसा लागला, आणि लेखनाची श्रेणी खाली का. अशा रीतीने खालची खूण वरच्या खुणेला साक्ष देते.

चौकटीची मर्यादा अक्षरांत मोजली जाते व मोकळ्या जागाही त्यात धरल्या जातात. बाहेरून आणून चिकटविलेला मजकूर काही पोर्टलवर सूचनेविना कापला जातो. म्हणून जतन केल्यावर शेवटचे वाक्य पुरे आहे की नाही, हे पाहिलेच पाहिजे.

विद्यार्थी दोन वर्षांत कोठून कोठवर आला, हे मात्र कोणतीही श्रेणी सांगत नाही. ती केवळ आजची जागा दाखविते. चौकट विशेषणांनी भरणारा अध्यापक ही वाटचाल सांगण्याची एकमेव जागाही गमावतो.